वॉल मिक्सर: मूठ हँड शॉवरवर, तरी डोक्यावरून गळती. डायव्हर्टर बदलावा की अख्खा मिक्सर?

निखिल_दहिसर
नमस्कार मंडळी. आमच्या बाथरूममध्ये थ्री-इन-वन वॉल मिक्सर आहे, आठेक वर्षांपूर्वी बसवलेला. डावीकडे गरम, उजवीकडे गार, खाली बादलीसाठी तोटी. तोटीवर वर खेचायचं छोटं बटण आहे. ते खेचलं की तोटी बंद होते आणि पाणी वर जातं. दोन नळांच्या मधोमध एक गोल मूठ आहे. ती डावीकडे केली की डोक्यावरचा शॉवर, उजवीकडे केली की हँड शॉवर.

दिवाळीपासून असं होतंय की मूठ पूर्ण उजवीकडे असली तरी वरच्या शॉवरमधून पाणी ठिबकतं. आईला स्टुलावर बसवून हँड शॉवरने अंघोळ घालतो, तेव्हा हातात गरम पाणी आणि तिच्या डोक्यावर गार थेंब. ती जाम वैतागते. उलटा त्रास मात्र नाही. वरचा शॉवर चालू असताना हँड शॉवर कोरडा ठणठणीत.

प्लंबरने मूठ दोनदा फिरवून पाहिली आणि निकाल दिला, "अंदर से कट गया है, पूरा मिक्सर बदलना पडेगा." खरंच अख्खा बदलावा लागतो का? इमारत सात मजली, आम्ही चौथ्यावर, पाणी गच्चीवरच्या टाकीतून.

चिवडा_लाडू
दोन्ही शॉवर एकाच वेळी! हॉटेलवाले याचे जादा पैसे लावतात हो.

कोकणी_मामा
प्रेशरचा प्रॉब्लेम आहे. डायव्हर्टर पाण्याच्या दाबावर चालतो, दाब कमी झाला की तो नीट बसत नाही. आमच्या साडूकडे हेच होतं. प्रेशर पंप बसवला, प्रश्न मिटला. मिक्सरला हात लावू नका.

ऋजुता_प
आमचाही हँड शॉवर गळत होता. खटका दाबला नाही तरी खालून थेंब थेंब, कमोडशेजारची फरशी कायम ओली. शेवटी नवीन आणला, पाइपसकट.

चिवडा_लाडू
ऋजुताताई, तो हेल्थ फॉसेट. निखिलरावांच्या आईंना त्याने अंघोळ नका घालायला लावू.

ऋजुता_प
अरे देवा 😀 धागा घाईत वाचला. चालू द्या.

पाना_पक्कड
बरीच वर्षं दादरला सॅनिटरीच्या दुकानात काउंटरवर काढली, आता एका सोसायटीची देखभाल बघतो. थोडं सविस्तर लिहितो.

निखिल, तुमच्या मिक्सरवर डायव्हर्टर एक नाही, दोन आहेत, आणि दोघांची जात वेगळी आहे. तोटीवरचं खेचायचं बटण हा पहिला. त्याच्या दांडीला खाली रबराची चकती असते. बटण वर ओढलं की चकती तोटीच्या तोंडावर बसते आणि पाण्याचा दाबच तिला तिथे धरून ठेवतो. नळ बंद केले की दाब जातो आणि बटण आपोआप खाली पडतं. मामा म्हणतात ते या बटणाला लागू आहे.

मधली मूठ वेगळी. तिला दाबाची गरज नाही. मूठ फिरवली की आतला स्पिंडल एका छोट्या दट्ट्याला इकडून तिकडे सरकवतो. दट्ट्याच्या दोन्ही तोंडांना वायसर असतो. एका बाजूला एक भोक बंद, दुसऱ्या बाजूला दुसरं. काही मॉडेलमध्ये दट्ट्याऐवजी भोक पाडलेला दांडा आणि ओ-रिंगा असतात, काहींत सिरॅमिकच्या चकत्या. तुमच्यात काय आहे ते उघडल्यावरच दिसेल. पण काम तेच, आलेलं पाणी दोन वाटांपैकी एकीकडे सोडायचं.

तुमच्या वर्णनात सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे उलटा त्रास नाही ही. याचा अर्थ हँड शॉवरकडचं भोक नीट बंद होतंय, वरच्या शॉवरकडचं होत नाही. म्हणजे एका बाजूचा वायसर किंवा तो टेकतो ती बैठक खराब आहे. बॉडी "कट" झाली असती तर एवढी एकतर्फी लक्षणं सहसा दिसत नाहीत.

उघडण्याआधी एक करून बघा. दोन्ही नळ घट्ट बंद करा, अर्धा तास थांबा आणि बघा वरचा शॉवर ठिबकतोय का. ठिबकत असेल तर तो डायव्हर्टरचा दोष नाहीच. पाणी आधी गरम-गारच्या नळांतून येतं, मग डायव्हर्टरकडे जातं. नळ बंद असताना वाट दाखवायला पाणीच नको. तेव्हा जे गळतं ते नळाच्या स्पिंडलमधून. कितीतरी लोक नळाचा दोष डायव्हर्टरवर ढकलून मिक्सर बदलतात, असं काउंटरवर रोज बघायचो.

कोकणी_मामा
मग साडूकडे पंपाने कसं बंद झालं?

पाना_पक्कड
साडूंचा मिक्सर कुठल्या जातीचा, मूठ फिरवायची की बटण खेचायचं?

कोकणी_मामा
विचारून सांगतो. तो अंघोळीला गेलाय.

मनस्वी_गिरगाव
पाना_पक्कड, आमचं खेचायचं बटणच आहे आणि आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. बटण ओढलं की क्षणभर शॉवर येतो आणि टक्कन बटण खाली. एका हाताने बटण धरून अंघोळ करतो. नवीन वायसर घातला, फरक शून्य.

पाना_पक्कड
मनस्वी, तुमच्याकडे मामा पूर्ण बरोबर. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण एक बार दाब. मजला तीन मीटर धरा, म्हणजे टाकीपासून एक मजला खाली उतरलं की ०.३ बार मिळतो. तुमच्या डोक्यावर लगेच गच्ची, त्यावर टाकी. मिक्सरपाशी ०.३ बार आला तरी खूप. त्यातून नळांमधून आणि पाइपमधून वाहताना थोडा जातो. चकती धरायला उरणार काय? वायसर बदलून उपयोग नाही. जिथे मूठ फिरवून वाट बदलते असा मिक्सर घ्या, किंवा वरच्या मजल्यांसाठी पंप. निखिल चौथ्या मजल्यावर आहेत, त्यांच्यावर तीन मजले आणि टाकी, म्हणजे एक बारच्या आसपास. त्यांना दाबाची अडचण नसावी.

मनस्वी_गिरगाव
पंपाला सोसायटी परवानगी देत नाही. मूठवाला बघते. तोवर रबर बँड.

चिवडा_लाडू
रबर बँडने बटण बांधलंय? गिरगावकरांना मानलं.

मनस्वी_गिरगाव
केसांचा आहे, जाडा. उत्तम चालतो. फक्त नंतर बादली भरायला गेलं की डोक्यावर पाणी 😐

स्थापत्य_सुहास
पाना_पक्कड यांच्याशी एका मुद्द्यावर असहमत. डायव्हर्टर उघडण्याआधी हँड शॉवरचं तोंड बघा. क्षाराने भोकं बुजली असतील तर पाणी बाहेर पडू शकत नाही, मिक्सरच्या आत दाब वाढतो आणि ते दुसरी वाट शोधतं. निखिल, हँड शॉवरचं डोकं नळीवरून काढा, नळी मोकळी बादलीत सोडा आणि बघा वरची गळती थांबते का. थांबली तर दोष हँड शॉवरचा. डोकं व्हिनेगरमध्ये बुडवा, झालं काम.

पाना_पक्कड
सुहास, चाचणी चांगली आहे, पण निष्कर्ष एवढा सरळ नाही. मिक्सर जमिनीपासून साधारण एक मीटरवर, वरचा शॉवर दोन मीटरच्या थोडा वर. म्हणजे पाण्याला मिक्सरपासून शॉवरच्या तोंडापर्यंत सव्वाएक मीटर चढावं लागतं, त्याला ०.१२ बार तरी हवेत. नळी मोकळी सोडली आणि आतला दाब त्याच्याही खाली गेला, तर वायसर पार फाटलेला असला तरी पाणी वर पोचणारच नाही. गळती थांबली म्हणजे वायसर चांगला, असं नाही. बुजलेलं तोंड गळती वाढवतं हे मान्य, पण चांगला वायसर एक बार दाब आरामात अडवतो.

स्थापत्य_सुहास
हो, हा उंचीचा हिशोब मी धरला नव्हता. तरी डोकं साफ करणं फुकटचं आहे, ते आधी करावं या मतावर ठाम.

पाना_पक्कड
त्याला ना नाही.

अण्णा_बोरिवली
मुंबईत क्षार कुठून येतो हो? महापालिकेचं पाणी तानसा-भातसा-वैतरणाचं, मऊ. आमच्याकडे शॉवर जसाच्या तसा.

ऋजुता_प
टँकर! आमच्याकडे उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा टँकर येतो आणि तो बोअरचा असतो. जूनपर्यंत नळाच्या टोकाला पांढरी पुटं. (या वेळी धागा नीट वाचून लिहितेय.)

पाना_पक्कड
शिवाय जुन्या इमारतींत क्षारापेक्षा गंज आणि रेती जास्त त्रास देते. पाणीकपातीनंतर किंवा टाकी धुतल्यानंतर पहिलं पाणी येतं त्यात बारीक कण असतात. ते वायसर आणि बैठकीच्या मध्ये अडकतात, मूठ फिरवली की रबरावर रेघ उमटते. म्हणून टाकी धुतली की पहिल्यांदा तोटीतून बादलीभर पाणी सोडावं, शॉवर लगेच लावू नये.

निखिल_दहिसर
सगळ्यांचे आभार. काल रात्री चाचण्या केल्या.

नळ बंद केल्यावर वरचा शॉवर काही मिनिटं ठिबकला, मग थांबला. अर्ध्या तासाने कोरडा. म्हणजे नळ ठीक.

हँड शॉवरचं डोकं काढून नळी बादलीत सोडली: वरची गळती पूर्ण बंद. डोकं परत लावलं: गळती सुरू. डोकं रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवलं, भोकं सुईने मोकळी केली. आज सकाळी गळती निम्म्याने कमी, पण आहे. म्हणजे दोघांचंही अर्धं-अर्धं बरोबर?

एक शंका: हँड शॉवरमधून गरम येत असताना वरून गार थेंब का?

पाना_पक्कड
पाणी एकच, वेग वेगळा. वायसरच्या फटीतून झिरपलेलं पाणी वरच्या बेंड पाइपमधून अगदी हळू चढतं, पितळ आणि हवा त्याला गार करतात. त्यात पाइपमध्ये आदल्या अंघोळीचं उरलेलं पाणी आधी बाहेर ढकललं जातं.

आता उघडाच. नळ बंद ठेवा. डायव्हर्टर नळांच्या पुढे असल्यामुळे खरं तर तेवढं पुरतं, पण मी बाथरूमचा मेन कॉक बंद केल्याशिवाय पाना लावत नाही. काम चालू असताना घरातल्या कुणी सवयीने नळ फिरवला तर उघड्या भोकातून पाणी थेट तोंडावर येतं, आणि गरमचा फिरवला तर भाजतं. गीझरचं बटणही बंद ठेवा.

मुठीवरचं टोपण नखाने किंवा पातळ सुरीने उचला, आत स्क्रू असेल. काहींना मुठीच्या खालच्या बाजूला ॲलन कीचा छोटा स्क्रू असतो. मूठ काढली की पितळी नट दिसेल. मोरीच्या जाळीवर फडकं टाका, स्क्रू पडला की गेला. पान्याच्या जबड्याला कापड गुंडाळा, नाहीतर क्रोम सोलतं. आणि महत्त्वाचं, नट सोडवताना दुसऱ्या हाताने मिक्सरची बॉडी घट्ट धरा. नट जाम असेल आणि सगळा जोर बॉडीवर आला, तर भिंतीतल्या जुन्या निपलला पीळ बसतो. तो आत तुटला तर टाइल्स फोडाव्या लागतात.

स्थापत्य_सुहास
याला जोरदार अनुमोदन. म्हणूनच अख्खा मिक्सर बदलण्याची घाई नको. नवीन मिक्सर बसतो, कारण भिंतीतल्या दोन तोंडांतलं अंतर बहुतेक ठिकाणी १५० मिमीच असतं, थोडं इकडेतिकडे असेल तर वाकडे पाय जुळवून घेतात. पण जुना काढताना निपल गंजलेला निघाला की खालच्या मजल्याच्या छतावर डाग, मग भांडणं. माझी एक साइट अशीच अडकली होती.

कोकणी_मामा
साडूचा निरोप: त्याचं खेचायचं बटण आहे आणि तो सातव्यावर राहतो, वर फक्त टाकी. पाना_पक्कड, तुमचं खरं. पण पंप बसवल्यावर त्याचा शॉवर मस्त चालतो, हेही खरं.

निखिल_दहिसर
उघडला! बायकोने मोबाइलचा टॉर्च धरला. टोपणाखाली स्क्रू होता, नट थोडा जोर लावल्यावर सुटला. आत पाना_पक्कड म्हणाले तसा पितळी दट्ट्या, दोन्ही तोंडांना काळे वायसर. हँड शॉवर बंद करणारा वायसर गुळगुळीत. वरचा शॉवर बंद करणाऱ्या वायसरवर गोल खाच पडलेली, आणि एका जागी त्या खाचेला आडवी चीर. चिरेत तांबूस कण रुतून बसला होता, नखाने निघाला. बैठकीवर बोट फिरवलं, खडबडीत नाही, पांढरा थर थोडा आहे. दांड्यावरच्या दोन ओ-रिंगा चपट्या झाल्यात.

पाना_पक्कड
मग मिक्सरला काही झालेलं नाही. थर व्हिनेगरने भिजवलेल्या फडक्याने पुसा, पॉलिश पेपर लावू नका, बैठकीला रेघा पडतात. दट्ट्या जसाच्या तसा खिशात घालून दुकानात न्या. कंपनीच्या सर्व्हिसला मॉडेल सांगितलं तर पूर्ण स्पिंडलचा सेट मिळू शकतो. तो मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर नुसते वायसर आणि ओ-रिंगा नागदेवीला मापाने मिळतात. वायसरचा व्यास आणि जाडी दोन्ही जुळायला हवं. जाड घातला तर मूठ दोन्ही टोकांना पूर्ण फिरत नाही आणि मग दोन्हीकडे गळतं. ओ-रिंगांना सिलिकॉन ग्रीस लावा. तेल किंवा व्हॅसलीन नको, काही रबरं त्याने फुगतात.

अण्णा_बोरिवली
सुटा वायसर घालण्यात अर्थ नाही. दोन वर्षांनी परत तेच. मी असतो तर नवीन मिक्सर आणला असता, मोकळा झालो असतो.

पाना_पक्कड
अण्णा, दोन वर्षांनी परत वायसर घालायचा. अर्ध्या तासाचं काम आहे.

अण्णा_बोरिवली
तुमच्या अर्ध्या तासाचं. आमच्याकडे प्लंबर येतो म्हणाला की तीन दिवस येत नाही.

निखिल_दहिसर
कंपनीने सांगितलं, हे मॉडेल बंद झालं, सेट नाही. नागदेवीला गेलो. दुकानदाराने दट्ट्या बघितला, मागच्या डब्यातून मूठभर वायसर ओतले आणि एकेक लावून बघत जुळता काढला. ओ-रिंगा शेजारच्या गल्लीत मिळाल्या. काल बसवलं.

हँड शॉवर चालू असताना वर कोरडं. आईने स्वतः मान वर करून तपासलं. मूठ आधीपेक्षा जड फिरते, ते नव्या रबरामुळे असेल असं धरतोय.

पण एक राहिलंय. वरचा शॉवर वापरून नळ बंद केले की तो शांत होतो, आणि दहा-पंधरा मिनिटांनी एकदम भसकन वाटीभर पाणी सोडतो. हे आधीही होतं का, लक्षात नाही.

पाना_पक्कड
मोठ्या तबकडीच्या शॉवरमध्ये पाणी साठून राहतं. भोकं बारीक, त्यामुळे वरून हवा शिरेपर्यंत ते आतच लटकून राहतं. कुठूनतरी हवा शिरली की सगळं एकदम खाली. दोष नाही. तबकडी किंचित एका बाजूला कलती ठेवा, बंद केल्याबरोबर निथळून जाईल.

स्थापत्य_सुहास
दहा मिनिटांपर्यंत ठीक. पंधरा म्हणजे मला नळाच्या स्पिंडलवर संशय येतो. गरमचा नळ किंचित झिरपत असेल तर ते पाणी हळूहळू तबकडीत साठून मग सांडतं.

पाना_पक्कड
तसं असेल तर तो दर थोड्या वेळाने पुन्हा सोडेल, एकदाच नाही. निखिल, रात्री शॉवरखाली कोरडं भांडं ठेवून झोपा. सकाळी त्यात वाटीभरच असेल तर मी बरोबर. भरलेलं असेल तर सुहास.

चिवडा_लाडू
आणि भांड्यात अंघोळीचा साबण सापडला तर मामांचा साडू.

निखिल_दहिसर
आज रात्री पातेलं ठेवतो. मनस्वीताई, नागदेवीच्या त्याच दुकानात मूठवाले मिक्सरही होते, पत्ता हवा असेल तर व्यनि करा.

मनस्वी_गिरगाव
केला आहे. रबर बँड काल तुटला.